पिशवीच्या कागदावरची सही

सकाळी ७.४०

वॉर्डात शिरल्याबरोबर माझी नजर खाट क्रमांक अकराकडे जाते. उद्याच्या यादीतलं मोठं ऑपरेशन तेवढंच. ताई उठून बसल्यात, वेणी घालतायत. वय सत्तेचाळीस, गाव वसमतच्या बाजूचं, घरची दोन एकर हळद. गर्भाशयात मोठी गाठ आहे आणि पिशवी साडेतीन महिन्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलीय. वर्षभर गोळ्या घेऊन झाल्या. आतल्या अस्तराचा तुकडा तपासून झाला, त्यात कॅन्सर नाही. हिमोग्लोबिन सहावरून साडेदहावर यायला तीन महिने लागले. तेव्हा ऑपरेशन करावं की नाही, हा प्रश्न यांच्या बाबतीत उरलेला नाही.

फाईल उघडली तर संमतीपत्र सही होऊन लागलेलं. रात्री दाखल करून घेताना बाकीच्या कागदांबरोबर हाही पुढे सरकवला गेला असणार. ‘शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके व पर्याय मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आले आहेत’ ही ओळ छापील आहे. धोके आणि पर्यायांसाठी खाली ठेवलेल्या जागा कोऱ्या आहेत. वेळ लिहिलेली नाही. कोपऱ्यात ताईंची सही, सुबक, एकेक अक्षर सुटं.

“वाचलं का ताई हे?”

“वाचता कुठं येतंय म्याडम? सही येती. बचत गटात शिकले, ब्यांकेसाठी.”

सही आणि अंगठा यांत आपण फार मोठा फरक मानतो. अंगठा दिसला की निदान कुणीतरी वाचून दाखवतं. सही दिसली की बाईला सगळं कळलं असं धरून सगळे पुढे जातात. मी त्या कागदावर आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहून खाली माझी सही, तारीख आणि वेळ टाकली. फाडला नाही. रुग्णाच्या फाईलमधला कागद फाडायचा नसतो, चुकलेलाही जपून ठेवायचा असतो. नवा कोरा फॉर्म लावला आणि सिस्टरना म्हटलं, दुपारी यांना माझ्या खोलीत आणा, नवऱ्यालाही बोलवा. सिस्टर नाराज झाल्या. तीस खाटांमागे त्या दोघीच असतात, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नाही. पण जो ऑपरेशन करणार आहे त्यानेच समजावायचं असतं. हे काम खाली ढकलता येत नाही.

सकाळी १०.१५

ओपीडी. बाकावर बायका आणि दारापर्यंत रांग. अंगावरून पांढरं जातं, पाळी पुढे गेली, टाके ओले आहेत, अशी एकामागून एक. साधारण विसावी बाई सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरची निघाली. वय छत्तीस, तीन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफी. सोबत सासू आणि आशाताई.

“पिशवी काढून टाका,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “दिवाळीनंतर टोळी निघती.”

नवरा-बायकोचा कोयता ठरलाय, मुकादमाकडून उचल घेऊन झालीय. पाळीत आठ-आठ दिवस रक्त जातं, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा, आणि एक खाडा पडला की पैसे कापले जातात. तिचा हिशेब तिच्या जागी पक्का होता. त्यात कुणीतरी तिला सांगितलेलं, पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.

रिपोर्ट पाहिला. गर्भाशय किंचित मोठं, भिंतीत तीन सेंटिमीटरची गाठ, गर्भाशयमुखावर दोन बारीक पाणगाठी. तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय किंचित मोठं असतंच. त्या पाणगाठींना कुणी हात लावायची गरज नसते. आणि ज्याला ‘जखम’ म्हणतात तो बहुतेक वेळा मुखाच्या आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसण्याचा प्रकार असतो. तपासून पाहिलं, तिच्या बाबतीतही तेच होतं. मुखाची साधी तपासणी करून घेतली. ‘सूज’, ‘जखम’ आणि ‘कॅन्सर’ हे तीन शब्द एका दमात उच्चारले की बाई आपण होऊन म्हणते, काढून टाका. कागदावरच्या सहीच्या कितीतरी आधी तिची संमती तिथेच घेऊन झालेली असते, आणि तीही खोट्या माहितीवर.

बीड जिल्ह्यात यातून काय झालं ते २०१९ मध्ये उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ दर सहा बायकांत एक. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. तिथे खाजगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. फॉर्म मात्र त्या सगळ्या बायकांचे भरलेलेच असणार. निदान मला तरी बिनसहीचं ऑपरेशन अजून कुठे दिसलेलं नाही.

मी तिला खुर्चीवर बसवलं. आशाताई तांड्याच्याच असल्याने जिथे माझी मराठी अडली तिथे त्यांनी गोरमाटीत सांगितलं. पहिली गोष्ट: हिमोग्लोबिन सव्वासात आहे, या रक्तावर मी ठरवून ऑपरेशन करणार नाही. दुसरी: पोट उघडून पिशवी काढली तर दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. तू फडात मोळी डोक्यावर घेणार की दोन महिने बसून राहणार? ती सासूकडे बघून हसली. बसून कोण देणार? आणि तिसरी म्हणजे दुसरे मार्ग. पाळीच्या चार दिवसांत घ्यायच्या, रक्त कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. तांबीसारखं पण आतून हार्मोन सोडणारं एक साधन असतं. ते एकदा पिशवीत बसवलं की पाच वर्षं काम करतं आणि पाळी खूप कमी होते, काहींची तर थांबतेच. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग लागतात, हेही सांगितलं. नाहीतर फडात डाग दिसले की ती कुठल्या तरी गावात जाऊन ते काढून टाकेल.

“म्हंजी पिशवी ऱ्हाऊन पाळी बंद?”

तिला पिशवी नकोशी झाली नव्हती, फडातली पाळी नकोशी झाली होती. हा फरक तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. लोहाच्या इंजेक्शनांच्या तारखा दिल्या, गोळ्या लिहिल्या, साधनाबद्दल घरी बोलून ये म्हटलं. फॉर्म काढलाच नाही.

दुपारी १.२०

कळमनुरीकडच्या एका आरोग्य केंद्रातून बाळंतीण आली, रक्तस्राव थांबत नव्हता. नाडी लागत नव्हती, बाई धड शुद्धीवर नव्हती. इथे कागद आडवा येत नाही. जीव वाचवण्यासाठी त्या क्षणी जे लागेल ते करायला कायदा मुभा देतो. सासऱ्यांना एका वाक्यात सांगितलं आणि आम्ही आत गेलो. औषधं दिली, पिशवीत फुगा घालून दाब दिला, तासाभरात रक्त आटोक्यात आलं. पिशवी वाचली. नंतर दोघा डॉक्टरांनी वेळेसकट नोंद केली: संमती का घेता आली नाही, काय केलं, किती वाजता. ती शुद्धीवर आली की तिलाही हे सगळं सांगावं लागेल. मुभा त्या तासापुरती असते.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे ‘इमर्जन्सी होती’ हे वाक्य फार सैल वापरलं जातं. पोट उघडलंच आहे तर हेही उरकू, याला इमर्जन्सी म्हणत नाहीत.

दुपारी ३.३०

ताई आल्या, सोबत त्यांचे मालक. दार लावून घेतलं. मालक उभ्याउभ्याच म्हणाले, “कुठं सही करायची सांगा. तिला काय कळतंय त्यातलं.”

२००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमावलीत एक ओळ आहे: ज्या शस्त्रक्रियेने मूल होणं कायमचं बंद होऊ शकतं, तिथे नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी. त्यामुळे मालकांची सही आम्ही घेतो. पण ती ताईंच्या सहीच्या जागी चालत नाही. ताई नाही म्हणाल्या तर मालकांच्या दहा सह्यांनीही मला चाकू लावता येणार नाही. हे मी त्यांच्याच तोंडावर, पण सौम्यपणे सांगते. मालक खुर्चीवर बसले.

मग चित्र काढलं. माझं चित्र वाईट असतं, तरी छापील तक्त्यापेक्षा बरं. पिशवी, तिच्या दोन बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकांना दोन अंडाशय. पुढे लघवीची पिशवी, मागे आतडं. मूत्रपिंडाकडून येणारी लघवीची नळी पिशवीच्या रक्तवाहिनीच्या खालून, अगदी बोटभर अंतरावरून जाते. रक्तवाहिनी बांधताना ती नळी चिमटीत येऊ शकते. म्हणून हा धोका काल्पनिक नाही.

“किती जणींचं होतं असं?” मालकांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या सल्लापत्रात दिलेले आकडे मी वापरते. पोटावाटे पिशवी काढलेल्या हजार बायकांत साधारण सात जणींच्या लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा होते. तेवीस जणींना रक्त द्यावं लागतं. सात जणींना पुन्हा टेबलवर घ्यावं लागतं. लाखात तीसेक जणी दगावतात. हजार म्हणजे किती हे कळावं म्हणून मी जत्रेतल्या बायांची रांग डोळ्यांसमोर आणायला सांगते. त्या रांगेतल्या सात.

पण एवढ्यावर थांबलं तर ती अर्धी फसवणूक होईल. ताईंचे दोन सिझर झालेत. सिझरनंतर लघवीची पिशवी गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटून बसते आणि ती सोडवताना फाटू शकते. “तुमचा धोका त्या सातांपेक्षा जास्त आहे. किती जास्त ते मला आकड्यात सांगता येणार नाही. तसं झालंच तर तिथल्या तिथे शिवू, आठ-दहा दिवस लघवीची नळी ठेवावी लागेल.” फॉर्मवर धोक्यांच्या रिकाम्या जागेत मी हेच लिहिलं, ‘पूर्वीचे दोन सिझर’ या शब्दांसकट. छापील यादी सगळ्यांसाठी सारखीच असते. तिच्यात या बाईचा धोका नसतो.

घरी गेल्यावर काय झालं तर परत यायचं, तेही त्याच कागदावर लिहिलं: ताप, कुशीत कळ, वाढतं रक्त, आणि अंगावरून पाण्यासारखं सतत ओलं राहणं. नळीची इजा कधी कधी आठवड्याभराने कळते ती अशीच. बाई मात्र समजते, पांढरं जातंय.

यानंतर फॉर्मवरची माझी नावडती ओळ आली. ‘शस्त्रक्रियेदरम्यान आवश्यक वाटल्यास इतर अवयव काढण्यास माझी संमती आहे.’ ‘आवश्यक वाटल्यास’ कुणाला, आणि ‘इतर अवयव’ म्हणजे कोणते?

दिल्लीतल्या समीरा कोहली यांचा खटला मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते, ताईंना थोडक्यात सांगितला. १९९५ साली चव्वेचाळीस वर्षांची ही बाई सतत रक्त जातं म्हणून दुर्बिणीने तपासणी करायला गेली. कागद तपासणीचा होता. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून सही घेतली, आणि पिशवी, नळ्या, दोन्ही अंडाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता. म्हणून आईची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे काढून टाकण्याची संमती नव्हे. वैद्यकीयदृष्ट्या ते ऑपरेशन बरोबर असेलही, तरी परवानगी नसताना केलं म्हणून चूक. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान असली तरी आज आम्ही संमती घेताना काय काय सांगतो ते त्याच निकालात मांडलेलं आहे: काय करणार, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल.

माझ्या शिकण्याच्या दिवसांत मीही थिएटरच्या दारात उभी राहून एका नवऱ्याला म्हटलेलं आहे, “अंडाशयही काढतोय, इथे सही करा.” त्याने केली. आत त्याची बायको होती, अडतीस वर्षांची. तिला कळलं ते चार महिन्यांनी, अंगातून निघणाऱ्या वाफा थांबेनात तेव्हा.

म्हणून ताईंना विचारलं, अंडाशयांचं काय करायचं? ठेवले तर पाळी थांबली तरी अंगातलं हार्मोन चालू राहतं. नैसर्गिकरीत्या ते बंद व्हायचं तेव्हा बंद होईल, कदाचित एक-दोन वर्षं आधी. क्वचित पुढे अंडाशयाचीच गाठ झाली तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. काढले तर ती भीती जवळजवळ संपते, पण काही दिवसांतच गरम वाफा, झोप उडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं. नळ्या मात्र काढलेल्या बऱ्या. त्यांचं काम संपलेलं असतं आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा एक प्रकार बऱ्याचदा नळीतूनच सुरू होतो.

ताई बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. “चांगलं असंल तर ठिवा. आतून खराब दिसलं तर काढा. पण मंग मला उठल्यावर सांगा, ह्यांना नाही आधी.”

छापील ओळ खोडली आणि तिच्या जागी त्यांचंच वाक्य जवळजवळ तसंच लिहिलं: ‘पिशवी व दोन्ही नळ्या काढणे. अंडाशय चांगले असल्यास ठेवणे. गाठ किंवा कॅन्सरची शंका आल्यासच तो अंडाशय काढणे, व रुग्णास प्रथम सांगणे.’ इतका नेमका कागद माझ्या एकटीच्या डोक्यातून निघाला नसता.

मालक मघापासून चुळबुळत होते. “म्याडम, नंतर... संसाराला काही अडचण?” सहा ते आठ आठवडे थांबायचं, आतले टाके भरू द्यायचे, मग काही अडचण नाही. मालकांनी मान हलवली आणि पंख्याकडे पाहिलं.

दुपारी ४.४०

भूलतज्ज्ञ येऊन गेले. त्यांचा फॉर्म वेगळा असतो, रक्त देण्याचाही वेगळा. कमरेत इंजेक्शन दिलं की जन्मभर कंबर दुखते असं ताईंच्या जावेने सांगितलेलं. चार-सहा दिवस सुईच्या जागी ठणका राहतो आणि काहींचं डोकं दुखतं, ते आडवं पडलं की कमी होतं, असं त्यांनी समजावलं.

मग मी ताईंना म्हटलं, आता तुम्ही मला सांगा, जावेनं विचारलं तर काय सांगाल? ही माझी परीक्षा असते, त्यांची नाही. त्या म्हणाल्या, पिशवी काढणार, नळ्या काढणार, अंडं ठेवणार. लघवीच्या पिशवीला भोक पडू शकतं कारण सिझर झालेत. रक्त लागू शकतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवणार. एक राहिलं. मी आठवण केली, उद्या सकाळी टेबलवर जाण्याआधीपर्यंत नको म्हणता येतं आणि त्यासाठी कुणी रागावणार नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर रिपोर्ट मागता येतात. फाईलची प्रत मागितली की बहात्तर तासांत द्यावी लागते.

“नको म्हणायचं नाही मला,” त्या म्हणाल्या. “पण म्हणता येतं, हे बरंय.”

सही केली. तीच सुबक, सुटी अक्षरं. वेळ लिहिली ४.५०. साक्षीदार म्हणून त्यांची बहीण, खाली मालक, शेवटी मी. झोपेची गोळी द्यायची ती याच्यानंतर. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या सहीला काही अर्थ नसतो.

या सगळ्याला एक तास वीस मिनिटं लागली. त्यातला अर्धा वेळ बाहेरचे लोक दार वाजवत होते. रोज प्रत्येकीला एवढा वेळ मिळत नाही, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही.

रात्री ८.१५

निघण्याआधी बाळंतिणीला पाहिलं. ती शुद्धीवर आहे, बाळ छातीशी आहे. काय झालं, फुगा का घातला, कुणाला विचारता आलं नाही, ते तिला सांगितलं. तिने फक्त विचारलं, “पिशवी हाय का?” आहे म्हटलं.

खाट क्रमांक अकराशी ताईंची बहीण चित्राचा कागद उलटा धरून बघत होती. सुलटा करून दिला. तांड्यावरच्या बाईची फाईल लोहाच्या इंजेक्शनांच्या रजिस्टरमध्ये गेली, पहिली तारीख परवाची. मोठ्या ऑपरेशनच्या यादीत उद्या एकच नाव आहे.